आठ वाहिन्या, पाच टप्पे: बायटॉनिक सॉर्ट हार्डवेअरमध्ये उतरवताना

एकाच प्रकाशझोतावर रोखलेले आठ एकसारखे सेन्सर आहेत. प्रत्येकाला स्वतःचा १२ बिटांचा एडीसी आहे, आणि दर १० नॅनोसेकंदांनी आठही एडीसी एकदम नवं वाचन देतात. म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या प्रत्येक क्लॉकला एफपीजीएच्या दारात आठ आकडे एकत्र येऊन उभे राहतात. त्यातून एकच विश्वासार्ह आकडा काढायचा आहे. एखादा सेन्सर बिघडलेला असू शकतो, एखादा एडीसी वरच्या टोकाला अडकलेला असू शकतो, म्हणून सरळ सरासरी चालत नाही. ठरलेली रीत अशी: आठ आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे दोन आणि वरचे दोन टाकून द्यायचे आणि मधल्या चारांची सरासरी घ्यायची. दोन सेन्सर कुठल्याही बाजूला कितीही भरकटले तरी त्यांचं वाचन मधल्या चारांत शिरत नाही. तीन एकाच बाजूला भरकटले तर मात्र एक आत येतो. या रीतीची मर्यादा तिथे आहे.

अडचण क्रम लावण्यात आहे. प्रोसेसरवर आपण जे सॉर्ट वापरतो त्यात पुढची तुलना कुठल्या दोन आकड्यांची करायची हे आधीच्या तुलनेच्या निकालावर ठरतं. क्विकसॉर्टचं तसंच आहे, इन्सर्शन सॉर्टचंही. हार्डवेअरमध्ये याचा अर्थ मेमरी, पत्ते मोजणारं कंट्रोलर आणि डेटानुसार कमीजास्त होणारा वेळ. इथे तर दर क्लॉकला नवा संच येतो आहे. आधीचा संच 'अजून झाला नाही' म्हणून थांबायला जागाच नाही. त्यामुळे तुलना आधीच ठरलेल्या हव्यात: कोणती तार कोणत्या तारेशी आणि कोणत्या टप्प्यावर भिडणार हे सर्किट बनवतानाच पक्कं, आकडे काहीही येवोत. अशा रचनेला सॉर्टिंग नेटवर्क म्हणतात. केन बॅचर यांनी १९६८ साली अशी दोन नेटवर्क मांडली, ऑड-ईव्हन मर्ज आणि बायटॉनिक. दोन्ही आजही वापरात आहेत. इथे आपण बायटॉनिक घेणार आहोत. ते का, हे पुढे कंपॅरेटर मोजताना कळेल.

मूळ रचना आणि एक संच तिच्यातून जाताना

नेटवर्कचा एकच सुटा भाग असतो, कंपॅरेटर. दोन तारा आत येतात आणि दोन बाहेर जातात. लहान आकडा एका ठरलेल्या तारेवर, मोठा दुसऱ्या. चढत्या कंपॅरेटरमध्ये लहान आकडा कमी क्रमांकाच्या तारेवर जातो, उतरत्यात मोठा.

बायटॉनिक म्हणजे आधी चढत जाणारी आणि मग उतरत जाणारी आकड्यांची रांग, घाटरस्त्यासारखी. अशी रांग गोल फिरवली, म्हणजे शेवटचे काही आकडे उचलून पुढे आणून ठेवले, तरी तिला बायटॉनिकच म्हणतात. अशा रांगेची एक खासियत आहे. रांग मधोमध दुमडा आणि पहिल्या अर्ध्यातल्या प्रत्येक आकड्याची दुसऱ्या अर्ध्यातल्या त्याच जागेवरच्या आकड्याशी तुलना करा. लहान डावीकडे ठेवा, मोठा उजवीकडे. एवढ्या एका टप्प्यात सगळे लहान आकडे डाव्या अर्ध्यात जमा होतात, सगळे मोठे उजव्या अर्ध्यात, आणि दोन्ही अर्धे पुन्हा बायटॉनिकच राहतात. हे पटवून घ्यायचं तर आकड्यांऐवजी नुसते ० आणि १ घ्या. बायटॉनिक रांगेत १ चा एकच सलग पट्टा असतो, फार तर टोकाला वळसा घालून आलेला. ती दुमडली की दोनपैकी एक अर्धा तरी एकजिनसी होतो, सगळे ० किंवा सगळे १. उरलेल्या अर्ध्यात परत एकच पट्टा राहतो.

म्हणून आठ तारांचं काम दोन भागांत होतं. पहिल्या तीन टप्प्यांत वरच्या चार तारा चढत्या आणि खालच्या चार उतरत्या लावायच्या, म्हणजे आठांची मिळून बायटॉनिक रांग तयार होते. पुढच्या तीन टप्प्यांत ती ४, २ आणि १ अंतरावर दुमडायची. एकूण सहा टप्पे, दर टप्प्यात चार कंपॅरेटर, म्हणजे २४.

आता खराखुरा संच घेऊ. तारा ० ते ७. तार २ चा एडीसी ४०९५ वर अडकला आहे आणि तार ५ चा सेन्सर ३९०० दाखवतो आहे. बाकीचे २०५० च्या आसपास आहेत.

```
आत        2051 2047 4095 2049 | 2053 3900 2046 2050
टप्पा 1    2047 2051 4095 2049 | 2053 3900 2050 2046
टप्पा 2    2047 2049 4095 2051 | 2053 3900 2050 2046
टप्पा 3    2047 2049 2051 4095 | 3900 2053 2050 2046
टप्पा 4    2047 2049 2050 2046 | 3900 2053 2051 4095
टप्पा 5    2047 2046 2050 2049 | 2051 2053 3900 4095
टप्पा 6    2046 2047 2049 2050 | 2051 2053 3900 4095
```

तिसऱ्या टप्प्यानंतरची ओळ नीट पाहा: ४०९५ पर्यंत चढण, मग २०४६ पर्यंत उतार. हाच तो घाट. चौथ्या टप्प्यात तार ० ची ४ शी, १ ची ५ शी, २ ची ६ शी आणि ३ ची ७ शी तुलना झाली, आणि डाव्या अर्ध्यातला सर्वांत मोठा आकडा २०५० हा उजव्या अर्ध्यातल्या सर्वांत लहान २०५१ पेक्षा लहान झाला. आता दोन्ही अर्ध्यांचा एकमेकांशी संबंध संपला. पुढे ते आपापल्या घरात लागतात.

मधले चार आहेत २०४९, २०५०, २०५१ आणि २०५३. बेरीज ८२०३, सरासरी २०५०.७५. आठांची सरळ सरासरी काढली असती तर २५३६.३७५ आली असती, म्हणजे दोन बिघडलेल्या वाहिन्यांनी उत्तर जवळजवळ ४८६ ने उचललं असतं.

सहावा टप्पा कशाला?

तुलना आधी ठरलेल्या असण्याचा खरा फायदा इथे हाताशी येतो. सर्किट डोळ्यांसमोर स्थिर आहे, त्यामुळे प्रत्येक कंपॅरेटरकडे बोट दाखवून 'तुझं उत्तर पुढे कोणाला लागतं?' असं विचारता येतं.

आपल्याला मधल्या चारांची फक्त बेरीज हवी आहे. पाचव्या टप्प्यानंतरची ओळ पाहा. तारा २ आणि ३ वर २०५० आणि २०४९ आहेत, तारा ४ आणि ५ वर २०५१ आणि २०५३. हवे ते चारही आकडे मधल्या चार तारांवर आलेले आहेत. २ आणि ३ वरचे आकडे उलट क्रमात आहेत इतकंच. बेरजेला क्रमाशी घेणं-देणं नाही. सहावा टप्पा फक्त शेजारच्या जोड्यांचा क्रम लावतो, म्हणून तो संपूर्ण काढून टाकता येतो. २४ चे २० कंपॅरेटर झाले, सहा टप्प्यांचे पाच.

ही छाटणी सिंथेसिस टूल आपणहून करेल अशी आशा ठेवू नये. ज्या तारेचं उत्तर कुठेच जोडलेलं नाही तिचं लॉजिक टूल कापतं. पण सहाव्या टप्प्यातल्या मधल्या दोन कंपॅरेटरची उत्तरं बेरीज करणाऱ्या ॲडरला जोडलेली असतात. दोन आकड्यांपैकी लहान अधिक मोठा म्हणजे तेच दोन आकडे, ही ओळख टूलला नसते. ते कंपॅरेटर आणि त्यामागचे रजिस्टर इमानाने बनवून देतं. हा टप्पा हातानेच काढावा लागतो.

पाचव्या टप्प्यातही निम्मं काम वाया जातं आहे. तार ० आणि २ च्या तुलनेत आपल्याला तार २ वर येणारा मोठा आकडा तेवढा हवा. लहान आकडा खालच्या दोघांत जाऊन टाकून द्यायचा आहे. १ आणि ३ चं तेच. ४-६ आणि ५-७ या जोड्यांत उलट, फक्त लहान हवा. म्हणजे या टप्प्यातले चारही कंपॅरेटर अर्धे. हे मात्र टूल स्वतः ओळखतं, कारण उरलेल्या तारा कुठेच जात नाहीत. ९६ ऐवजी ४८ फ्लिप-फ्लॉप लागतात. लूटची, म्हणजे एफपीजीएतल्या लुक-अप टेबलांची, बचत होईलच असं नाही. सहा इनपुटांच्या लूटमध्ये एका बिटाचा लहान-मोठा निवडणारे दोन्ही मक्स एकाच लूटमध्ये बसू शकतात, कारण त्यांचे तीनही इनपुट सामाईक असतात. त्यातला एक काढला तरी लूट तेवढाच राहतो.

अजून एक ढिलाई पहिल्या तीन टप्प्यांत आहे. चार आकडे बायटॉनिक पद्धतीने लावायला सहा कंपॅरेटर लागतात, पण चार आकड्यांचं काम पाचांत होतं, आणि तेही तीनच टप्प्यांत. दोन्ही चौकड्यांत एकेक वाचवला की २० चे १८ होतात. शिवाय खालची चौकडी उतरती लावायचीही गरज नाही. दोन्ही चढत्या लावायच्या आणि चौथ्या टप्प्यात ०-४, १-५ अशा जोड्या न लावता ०-७, १-६, २-५, ३-४ अशा लावायच्या. उलटी रांग वाचायची झाली तर हार्डवेअरमध्ये फक्त तार वळवायची असते, त्याला एकही लूट लागत नाही. आणि मोठी सोय अशी की आता सगळे कंपॅरेटर एकाच दिशेचे झाले. अंतिम आराखडा असा:

```
1: (0,1) (2,3) (4,5) (6,7)
2: (0,2) (1,3) (4,6) (5,7)
3: (1,2) (5,6)
4: (0,7) (1,6) (2,5) (3,4)
5: max(0,2) max(1,3) min(4,6) min(5,7)
```

आता ऑड-ईव्हन मर्जशी तुलना करू. आठ तारांचं ते नेटवर्क १९ कंपॅरेटरमध्ये होतं, म्हणून पुस्तकातल्या आकड्यांवर ते बायटॉनिकच्या २४ पेक्षा सरस दिसतं. पण त्याच्या शेवटच्या टप्प्यात १-२, ३-४ आणि ५-६ या जोड्या असतात. बेरजेपुरती ३-४ ही जोडी काढता येते. १-२ आणि ५-६ काढता येत नाहीत, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांची ताटातूट तिथेच होते. म्हणजे कंपॅरेटर १८, आपल्याइतकेच, पण टप्पे सहा. बायटॉनिकमध्ये शेवटचा टप्पा अख्खा गळून पडतो तसा इथे पडत नाही. पाइपलाइनमध्ये टप्पा म्हणजे आठही तारांवर रजिस्टर, कंपॅरेटर असो वा नसो. त्यामुळे कुठलं नेटवर्क घ्यावं हे कंपॅरेटरच्या संख्येवरून ठरवणं आमच्या मते घाईचं आहे. आधी बाहेर काय हवं ते लिहावं, त्यानुसार छाटावं आणि मग मोजावं. आठही आकडे क्रमाने हवे असते तर निवड ऑड-ईव्हनकडे झुकली असती.

कंपॅरेटर आणि घड्याळ

कोड लहानसाच आहे:

```verilog
module cas #(parameter W = 12) (
  input                     clk,
  input      [W-1:0] a, b,
  output reg [W-1:0] lo, hi
);
  wire s = (a > b);
  always @(posedge clk) begin
    lo <= s ? b : a;
    hi <= s ? a : b;
  end
endmodule
```

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रजिस्टर आहे, त्यामुळे एक संच पाचव्या टप्प्यात असताना त्याच्या मागचे चार संच आधीच्या चार टप्प्यांत चालत असतात. पाच क्लॉकनंतर मधले चार आकडे मिळतात. त्यांच्या दोन जोड्यांची बेरीज एका क्लॉकमध्ये, त्या दोन बेरजांची बेरीज पुढच्या क्लॉकमध्ये. एकूण सात क्लॉक, म्हणजे ७० नॅनोसेकंद. हा वेळ कुठल्याही डेटाला तेवढाच लागतो आणि उत्तर दर क्लॉकला एक येतं. बेरीज १४ बिटांची धरावी लागते. १२ बिटांत ठेवली तर ती उलटून पुन्हा लहान होते. शेवटी २ मिळवून दोन बिट उजवीकडे सरकवले की जवळच्या पूर्णांकात सरासरी मिळते: ८२०५ सरकवून २०५१.

वेगाची अडचण तुलनेपेक्षा `s` या एका तारेची जास्त असते. १२ बिटांच्या दोन उत्तरांसाठी ती २४ मक्सना पोचवावी लागते. आकड्याबरोबर ६४ बिटांचा इतर मजकूर वाहून न्यायचा ठरवला तर तीच तार १५० हून अधिक मक्सना पोचवावी लागेल, आणि क्लॉक तिथे अडेल. अशा वेळी आकड्यामागे फक्त तीन बिटांचा वाहिनी क्रमांक जोडावा आणि बाकीचा मजकूर बाजूला थांबवून शेवटी त्या क्रमांकाने उचलावा.

काय चुकतं आणि कसं ओळखायचं

पहिली चूक तिसऱ्या टप्प्यातली. तिथे १-२ आणि ५-६ एवढ्याच जोड्या आहेत. तारा ०, ३, ४ आणि ७ वर कंपॅरेटर नाही, म्हणून कोड लिहिताना त्या सरळ पुढे जोडल्या जातात आणि त्यांच्यावरचं रजिस्टर विसरलं जातं. मग या चार तारा एक क्लॉक पुढे धावतात आणि पाचव्या टप्प्यात एका संचाचे चार आकडे दुसऱ्या संचाच्या चार आकड्यांशी भिडतात. सिग्नल हळू बदलत असेल तर शेजारच्या संचांत फरकच नसतो आणि उत्तर बरोबर दिसतं. टेस्टबेंचमध्ये एकच इनपुट दहा-वीस क्लॉक धरून ठेवलं तरीही चूक लपते. झोताची कडा येते, आकडे एका क्लॉकमध्ये उडी मारतात, तेव्हाच एक-दोन उत्तरं वेडीवाकडी येतात.

याच जातीची दुसरी चूक 'व्हॅलिड' बिटाची. सहावा टप्पा काढला, पण व्हॅलिडची साखळी जुन्या आठ क्लॉकचीच राहिली, तर प्रत्येक उत्तरावर आधीच्या संचाचा शिक्का बसतो. पहिला संच हरवतो आणि शेवटच्या व्हॅलिडला मागून आलेला कचरा मिळतो. यावरचा उपाय सोपा आहे: टेस्टमध्ये व्हॅलिड फक्त एका क्लॉकपुरतं वर करावं आणि आजूबाजूच्या सगळ्या क्लॉकला मुद्दाम भलते आकडे भरावेत.

तिसरी चूक दिशेची. मूळ २४ किंवा २० कंपॅरेटरच्या रचनेत पहिल्या टप्प्याची २-३ ही जोडी उतरती असते. ती चुकून चढती लिहिली गेली, असं समजा. अशा चुका शोधायला सॉर्टिंग नेटवर्ककडे फार मोलाचं साधन आहे, शून्य-एक तत्त्व: जे नेटवर्क ० आणि १ च्या प्रत्येक रांगेला बरोबर लावतं ते कुठल्याही आकड्यांना बरोबर लावतं. आठ तारांना अशा फक्त २५६ रांगा आहेत. १२ बिटांचे आठ आकडे घेऊन सगळे संच तपासायचे म्हटले तर ९६ बिटांचे पर्याय होतात, ते कधीच संपणार नाहीत. आपल्याकडे पूर्ण क्रम बाहेर येत नाही, फक्त बेरीज येते, पण तत्त्व तिथेही लागू पडतं. रांगेत १ किती आहेत ते मोजा, त्यातून २ वजा करा, उत्तर ० च्या खाली गेलं तर ० धरा, ४ च्या वर गेलं तर ४. बेरीज तेवढी आलीच पाहिजे.

वरची दिशेची चूक ठेवून छाटलेल्या, २० कंपॅरेटरच्या रचनेवर ही परीक्षा चालवली तर २५६ पैकी फक्त ८ रांगा नापास होतात. तारा ० आणि १ पैकी एकीवर १, तारा २ आणि ३ पैकी एकीवर १, आणि खालच्या चारही तारा एकतर सगळ्या ० किंवा सगळ्या १, तरच चूक बाहेर येते. बाकी २४८ वेळा पुढचे टप्पे ती झाकून टाकतात. म्हणून निवडक रांगा घेऊन भागत नाही; २५६ म्हणजे २५६ चालवाव्यात. त्या दर क्लॉकला एक अशा लागोपाठ द्याव्यात, म्हणजे पहिल्या दोन चुकाही त्याच वेळी पकडल्या जातात. मोजणीच्या क्रमाने एकदा आणि मिसळलेल्या क्रमाने पुन्हा एकदा दिल्या तर उत्तम, कारण मोजणीच्या क्रमात शेजारच्या रांगा बऱ्याचदा एक-दोन बिटांनीच वेगळ्या असतात.

शून्याजवळचा बिघाड

चौथी चूक सर्वांत फसवी आहे. तिच्यासाठी थोडं थांबायला हवं.

एडीसीचं आउटपुट ० ते ४०९५ असं साधं असेल तोवर सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी एडीसीचा फॉरमॅट बदलून टूज कॉम्प्लिमेंट करतं, म्हणजे −२०४८ ते २०४७. कंपॅरेटरने आता चिन्ह ओळखून तुलना करायला हवी. आठ आकडे एका ९६ बिटांच्या बसवर आणलेले असतात. ती बस `signed` म्हणून जाहीर केली आणि तुलना तिच्या तुकड्यांवर थेट लिहिली तर घात होतो. व्हेरिलॉगच्या नियमानुसार व्हेक्टरचा कापलेला तुकडा नेहमी बिनचिन्हाचा मानला जातो, मूळ व्हेक्टर `signed` असला तरीही. म्हणजे ही ओळ चुकीची आहे:

```verilog
wire s = din[12*i +: 12] > din[12*j +: 12];
```

अशा तुलनेत −१ हा ४०९५ समजला जातो आणि सगळ्या धन आकड्यांच्या वर जाऊन बसतो. गंमत बघा, सगळे आकडे धन असले तर क्रम बरोबर लागतो, आणि सगळे ऋण असले तरीही, कारण ऋण आकड्यांचा आपसातला क्रम बिनचिन्हाच्या वाचनात टिकतो. बिघाड फक्त एकाच संचात दोन्ही चिन्हं आली तर, म्हणजे सिग्नल शून्याजवळ असताना दिसतो.

संच घेऊ: −४, −३, −२, −१, १, २, ३ आणि एक भरकटलेला ५००. बरोबर उत्तर: मधले चार −२, −१, १, २, बेरीज शून्य. चुकीच्या तुलनेत क्रम असा लागतो: १, २, ३, ५००, −४, −३, −२, −१. मधले चार झाले ३, ५००, −४, −३. बेरीज ४९६, सरासरी १२४. ज्या भरकटलेल्या आकड्याला बाहेर ठेवण्यासाठी हे सर्किट बांधलं तोच थेट मध्यभागी येऊन बसला.

आता कोणी म्हणेल, २५६ रांगांच्या परीक्षेत ० आणि १ ऐवजी −१ आणि ० वापरू, म्हणजे ही चूक सापडेल. ती सापडत नाही. दोनच किमती असताना चुकीची तुलना क्रम पुरता उलटा करते, आणि रांग उलटी केली तरी मधले चार तेच राहतात, कारण खालून दोन आणि वरून दोन टाकणं दोन्ही बाजूंनी सारखंच आहे. २५६ च्या २५६ रांगा पास होतात आणि बिघाड आत तसाच राहतो. शून्य-एक तत्त्व तारांची जोडणी तपासतं. प्रत्येक कंपॅरेटर एकाच, योग्य क्रमाने तुलना करतो हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ते गृहीतक वेगळं तपासावं लागतं.

त्यासाठी दोन गोष्टी पुरतात. एक, सुट्या कंपॅरेटरला सीमेवरच्या जोड्या द्याव्यात: −१ आणि ०, −२०४८ आणि २०४७, आणि एकेका बिटाने वेगळे असलेले आकडे. दुसरी, पूर्ण सर्किटला तीन किमतींचा एक तरी संच द्यावा. −१ तीनदा, ० तीनदा आणि १ दोनदा दिल्यावर बेरीज −१ यायला हवी. चिन्ह चुकलं असेल तर +१ येते.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. वरच्या `cas` मॉड्यूलचे पोर्ट `signed` केले की आत पोचलेला तुकडा पुन्हा चिन्हासकट वाचला जातो. तुलना मॉड्यूलच्या आतच ठेवण्याचं हे एक चांगलं कारण. दुसरा मार्ग: दारातच प्रत्येक आकड्याचा सर्वांत वरचा बिट उलटा करायचा. त्याने सगळ्यांत २०४८ मिळवल्यासारखं होतं, मग बिनचिन्हाची तुलना बरोबर चालते, आणि शेवटी सरासरीचा वरचा बिट परत उलटा करायचा. दुसरा मार्ग निवडला तर नेटवर्क आणि ॲडर दोन्हीकडे चिन्हाचा विषयच राहत नाही, म्हणून आम्ही तोच घेऊ. पहिल्यात ॲडरमध्येही चिन्हाचा बिट डावीकडे नीट पसरवण्याची आठवण ठेवावी लागते.

बंद वाहिन्या आणि मोठे संच

एखादी वाहिनी कायमची बंद आहे हे कळल्यावर तिच्या जागी काय भरायचं? ० भरलं तर ती खालच्या दोन टाकाऊ जागांपैकी एक व्यापते. मग खऱ्या सात आकड्यांतला खालचा एक आणि वरचे दोन टाकले जातात, आणि सरासरी किंचित खाली सरकते. ४०९५ भरलं तर किंचित वर. एकाच बंद वाहिनीला याच्यावर इलाज नाही. म्हणून दोन वाहिन्या बंद करायच्या असतील तर एकीवर ० आणि दुसरीवर ४०९५ भरावं. खऱ्या सहांतला प्रत्येक बाजूचा एकेकच जातो आणि समतोल राहतो.

आठाऐवजी सोळा वाहिन्या झाल्या तर पूर्ण बायटॉनिक नेटवर्कला ८० कंपॅरेटर आणि १० टप्पे लागतात. तेही एफपीजीएत आरामात मावतं. १०२४ तारांना मात्र २८,१६० कंपॅरेटर आणि ५५ टप्पे होतात, आणि कंपॅरेटरपेक्षाही दूरदूरच्या तारा एकमेकींपर्यंत नेणं जड जातं. चौथ्या टप्प्यात आपल्या तारा फार तर सात घरं ओलांडतात. तिथे तशाच टप्प्यात ५१२ पेक्षा जास्त ओलांडाव्या लागतील. त्या आकाराला इतकी रुंद रचना क्वचितच बांधतात. कंपॅरेटरची एकच रांग ठेवून तिच्यातून डेटा पुन्हा पुन्हा फिरवतात, किंवा लहान नेटवर्कने तुकडे लावून ते मेमरीतून मर्ज करतात. दोन्हीत दर क्लॉकला पूर्ण नवा संच घेण्याची सोय सोडावी लागते.